चित्राखालच्या ओळी आणि कानावरचे शब्द

परभाषेतील बोलपट पाहून ती भाषा शिकू म्हणणाऱ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील प्रेक्षक चित्राखाली उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी, म्हणजे ज्यांना हल्ली सबटायटल म्हणतात त्या, वाचीत सुखाने बोलपट संपवितो. कथा त्याला उत्तम कळते. पण दोन तासांनंतर त्या भाषेतील एक शब्द सांगा म्हटले तर तो गप्प बसतो. दुसऱ्या वर्गातील प्रेक्षक उत्साही असतो. तो मांडीवर शब्दकोश घेऊन बसतो आणि दर अनोळखी शब्दाला चित्र थांबवितो. त्याच्या वहीत शंभर शब्द जमतात. परंतु दोन तासांच्या चित्राला पाच तास लागतात, घरातील इतर मंडळी उठून जातात, आणि आठवड्याने ती वही उघडली तर त्या शब्दांचे चेहरे त्यालाच ओळखू येत नाहीत. पहिल्याला कथा मिळाली व भाषा निसटली. दुसऱ्याच्या हातून दोन्ही गेली. या दोहोंमधून जाणारी वाट आहे. ती नीट पाहावयाची तर एखादे उदाहरण घेऊन पाहणेच बरे.

समजा, नागपुरातील एका कुटुंबास नोकरीतील बदलीमुळे तीन-चार महिन्यांत कोलकात्यास बिऱ्हाड हलवावयाचे आहे. घरातील बाईंना शेजारणीशी, दुकानदाराशी, मुलांच्या शाळेत बोलावयाचे आहे. इंग्रजीवर आणि मोडक्या हिंदीवर दिवस निघतील. पण शेजार जोडला जाणार नाही. त्यांना बंगालीचा गंध नाही, मात्र बंगाली बोलपटांची गोडी आहे. पहिल्याच रविवारी त्या सत्यजित राय यांचा १९५५ सालचा 'पथेर पांचाली' लावतात. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्राखाली इंग्रजी ओळी उमटत आहेत.

या ओळी म्हणजे संवादाचे शब्दशः भाषांतर नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ओळी एका वेळी दोनच असतात. एका ओळीत साधारण चाळीस अक्षरांहून अधिक मावत नाहीत. आणि त्या पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद राहतात. जागा आणि वेळ दोन्ही थोडी, म्हणून भाषांतरकाराला काटछाट करावी लागते. हाका, पुनरुक्ती, 'अगं', 'बरं का', 'हो ना' यांसारखे बोलण्याला रंग आणणारे शब्द बहुधा तोच गाळतो. शिवाय जे शब्द इंग्रजीत नाहीतच, त्यांच्या जागी तो जवळचा एखादा शब्द ठेवतो. 'पथेर पांचाली'तील मुले घरातील म्हातारीला हाक मारतात ती 'पिशि' अशी. इंग्रजी ओळीत तिची 'आंटी' होते. इंग्रजीत मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना तो एकच शब्द पुरतो. बंगालीत मात्र पिशि म्हणजे आत्या आणि माशि म्हणजे मावशी. ही म्हातारी आत्या आहे, म्हणजे मुलांच्या वडिलांकडची आहे, हे एकदा कळले की आई तिच्यावर का करवादते, हे कोणत्याही मराठी घरात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तो नणंद-भावजयीचा जुना झगडा आहे. ओळीने तो लपविला आणि एका शब्दाने उघड केला. तात्पर्य, ओळींवरून कथा समजून घ्यावी. शब्दाचा अर्थ मात्र ओळींच्या शपथेवर स्वीकारू नये.

दुसरी अडचण डोळ्यांची आहे. बेल्जममधील लूव्हेन येथील मानसशास्त्रज्ञ खेरी दिदेवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून १९९१ साली असे दाखविले की, ओळी समोर आल्या की माणूस त्या वाचतोच. संवादाची भाषा त्याला पूर्ण कळत असली तरीही वाचतो. ओळीकडे दुर्लक्ष करण्याचा निश्चय करून फारसा उपयोग होत नाही, तो यामुळे. मग कानाचे काय होते? याचे उत्तर हॉलंडमधील दोन संशोधकांच्या २००९ सालच्या प्रयोगाने दिले. होल्गर मिटरर व जेम्स मक्वीन यांनी इंग्रजी चांगली जाणणाऱ्या डच प्रेक्षकांना स्कॉटलंड व ऑस्ट्रेलिया येथील अपरिचित उच्चारांची इंग्रजी ऐकविली. काहींना खाली डच ओळी दिल्या, काहींना इंग्रजीच ओळी दिल्या, काहींना ओळीच दिल्या नाहीत. नंतर त्याच उच्चारांतील नवी वाक्ये ऐकवून परीक्षा घेतली. इंग्रजी ओळी वाचलेल्यांचा कान सर्वांत अधिक सुधारला होता; आणि नवे बोलणे ओळखण्याच्या कामी स्वभाषेतील ओळी उपकारक न होता अडथळाच ठरल्या होत्या. ज्या भाषेचा आवाज, त्याच भाषेचे अक्षर डोळ्यांपुढे असावे, हा त्याचा सरळ अर्थ. अर्थात ते प्रेक्षक इंग्रजी आधीच शिकलेले होते. ज्याला भाषेचा श्रीगणेशाही ठाऊक नाही त्याला पहिल्या वेळी भाषांतर हवेच, नाहीतर कथाच कळावयाची नाही. म्हणून आपल्या उदाहरणातील बाईंनी बोलपट दोनदा पाहावा हे ठीक: एकदा कथेसाठी आणि एकदा कानासाठी. दोन वेळांच्या ओळी निराळ्या आणि दोन वेळांचे कामही निराळे.

पहिल्या वेळी चित्र कोठेही थांबवावयाचे नाही. हाताशी वही नको. पोस्टकार्डाएवढा कागद आणि पेन्सिल पुरे. मोठ्या वहीत रकाने भरण्याचा मोह होतो, लहान कागदावर तो होत नाही. शब्द प्रथम कानी पडला की लिहावयाचा नाही. तोच नाद पुन्हा आला, आणि 'हा मघाशी ऐकला होता' असे वाटले, म्हणजे तो जसा ऐकू आला तसा देवनागरीत लिहावा. शुद्धलेखनाची चिंता नको. त्यापुढे प्रसंगाची एका शब्दाची खूण करावी: 'तळे', 'चूल', 'पाऊस'. अर्थ मात्र मुळीच लिहू नये. अर्थ लिहू लागले की मान खाली जाते, तेवढ्यात दोन ओळी येऊन जातात, आणि कथेचा धागा तुटतो. नाद व खूण लिहिण्यास दोन सेकंद पुरतात आणि तेवढे पडद्यावरची नजर फारशी न हलविताही साधते. तोच नाद आणखी ऐकू आला तर शेजारी एक उभी रेघ ओढावी. दोन तासांत दहा-बारा शब्द झाले की पेन्सिल खाली ठेवावी.

हा नियम आळशीपणाचा वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. बोलपटातील पुष्कळसे अनोळखी शब्द एकदाच येतात आणि पुन्हा कधी भेटत नाहीत. ते वेचीत बसणे म्हणजे गाडीतून दिसणारी प्रत्येक झाडाची फांदी धरू पाहणे. जो शब्द एका कथेत तीन-चारदा येतो, तो त्या भाषेच्या नित्य व्यवहारातला असण्याचा संभव अधिक. रेघा हे निवडण्याचे काम आपोआप करतात. चित्र संपल्यावर ज्या शब्दापुढे एकही रेघ नाही तो खुशाल खोडावा. आणखी एक शब्दवर्ग येथेच गळतो, तो विशेषनामांचा. नवख्या कानाला माणसांची व गावांची नावेही शब्दच वाटतात. ती पुन्हा पुन्हा येतात म्हणून त्यांना रेघाही पुष्कळ मिळतात. ओळीत तोच नाद मोठ्या अक्षराने आरंभ होऊन जसाच्या तसा आला असेल तर ते नाव समजून सोडून द्यावे.

दोन-तीन बंगाली बोलपट असे पाहून झाल्यावर बाईंच्या कागदांवर पुढील नाद उरले आहेत असे धरू: पिशि, आशि, खाबो, बोन, लोक्खी, आदोर, चेष्टा. अर्थ लावण्याची वेळ आता आली. आणि तोही शब्दकोश उघडण्यापूर्वी खुणेवरून लावून पाहावा.

'आशि'पुढे खूण आहे 'दार'. पाहुणा उठून निघाला, तेव्हा हा शब्द आला. खाली ओळ होती 'मी जातो'. दुसऱ्या प्रवेशातही तेच. घाईने अर्थ लिहिला असता तर वहीत 'आशि म्हणजे जातो' अशी नोंद झाली असती, आणि कोलकात्यास कोणी 'येते' या अर्थाने तो शब्द उच्चारल्यावर बाईंचा गोंधळ उडाला असता. वस्तुतः आशि म्हणजे 'येतो'. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, ही मराठी घरातील रीत बंगाल्यातही आहे. इंग्रजी ओळीला ती रीत ठाऊक नसल्यामुळे तिने शब्द उलटा केला. 'खाबो'पुढे दोन खुणा आहेत, 'ताट' आणि 'पाणी'. ओळीत एकदा 'खाईन' व एकदा 'पिईन' आले आहे. येथे कानाची चूक झालेली नाही. बंगालीत पाणीदेखील खाल्ले जाते. एकाच नादाखाली दोन वेगळे अर्थ दिसले तर नोंद खोडू नये. शब्दाची सीमा आपल्या शब्दाहून रुंद आहे, असे समजावे. 'बोन'चे मात्र निराळे आहे. एका प्रसंगी तो बहिणीला उद्देशून आला, दुसऱ्या प्रसंगी झाडीला. हे दोन वेगळे शब्द आहेत, बोन म्हणजे बहीण आणि वन म्हणजे अरण्य. बंगाली उच्चारात ते कानाला एकसारखेच लागतात. कान एवढेच सांगू शकतो. पुढचे सांगण्यास अक्षर हवे.

येथे दुसऱ्यांदा पाहण्याचा उपयोग होतो. आता इंग्रजी ओळी बंद करून, ज्या चित्रास बंगाली लिपीतील ओळी आहेत त्याचे एकच दहा-पंधरा मिनिटांचे प्रकरण लावावे. बंगाली लिपी देवनागरीची बहीणच असल्यामुळे ती ओळखण्याइतकी येण्यास मराठी माणसास फार कष्ट पडत नाहीत. आणि ती येताच एक मौज घडते. बंगाली माणूस संस्कृतातून आलेले शब्द लिहितो जवळजवळ आपल्यासारखे, पण बोलतो अगदी निराळे. अकाराचा पुष्कळदा ओकार होतो, वकाराचा बकार, सकाराचा शकार, आणि जोडाक्षरातील म, य, व आधीच्या अक्षराला दुप्पट करून नाहीसे होतात. कानाला 'लोक्खी' ऐकू येते आणि डोळ्यांना 'लक्ष्मी' दिसते. 'शोत्तो' म्हणजे सत्य, 'बिश्शाश' म्हणजे विश्वास, 'पॉद्दो' म्हणजे पद्म. जे परके वाटत होते ते घरातलेच निघते. कागदावर 'लोक्खी'पुढे 'मूल' अशी खूण होती आणि इंग्रजी ओळीत 'शहाणी मुलगी' असे काहीसे होते. आता उलगडा होतो की शहाण्या, गुणी मुलाला बंगाली आई लक्ष्मी म्हणते. अशी पाच-सहा रूपांतरे डोळ्यांखालून गेली की पुढील शब्द शब्दकोशाशिवाय ओळखू येऊ लागतात. डच प्रेक्षकांचा कान त्याच भाषेच्या अक्षरांनी सुधारला, त्याचे मर्म येथे प्रत्यक्ष दिसते: अक्षर कानाला काय ऐकावयाचे ते सांगते. बंगाली ओळी नसतील तर मुळीच ओळी नसलेल्या बऱ्या. कथा ठाऊक झालेली असल्यामुळे त्यांवाचून अडत नाही.

मात्र या ओळखीत एक खड्डा आहे आणि मराठी माणूस त्यात हटकून पडतो. 'आदोर' लिहिलेला दिसतो 'आदर', आणि 'चेष्टा' तर उच्चारातही तीच. तेव्हा अर्थही तेच, असे वाटते. परंतु 'आदोर'पुढे बाईंनी खूण केली होती 'आईच्या कुशीत'. आई तान्ह्याला कुशीत घेऊन त्याचा आदर करीत नाही. ती त्याला कुरवाळते, त्याचे लाड करते. बंगालीत आदर म्हणजे लाड. 'चेष्टा'पुढे खूण होती 'अभ्यास'. पुस्तकापुढे घाम गाळणारा मुलगा कोणाची चेष्टा करीत नसतो. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शेजारणीने 'मी चेष्टा करीन' असे आश्वासन दिले असता राग येऊ नये, एवढ्यासाठी तरी हा भेद माहीत हवा. ध्यानात घेण्यासारखे हे की ही चूक शब्दकोशाने नव्हे, प्रसंगाने पकडली. अर्थ बसतो की नाही याचा निवाडा कथा करते. आणि ज्याने दर मिनिटाला चित्र थांबविले, त्याच्याजवळ निवाडा करणारी कथाच उरलेली नसते. चित्र न थांबविण्याचे खरे कारण हेच.

गाण्यांचा गुण आणि दोष दोन्ही निराळे. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे रेघा ओढण्याची गरजच पडत नाही. चाल शब्दाला स्मरणात धरून ठेवते. पण चालच शब्दाला वाकवितेही. ऱ्हस्व अक्षरावर तान आली की ते दीर्घ वाटते, आणि गायक श्वास घेतो तेथे एका शब्दाचे दोन होतात. म्हणून गाण्यातील शब्द नुसता ऐकून लिहू नये. गाण्याच्या ओळी समोर घेऊन एकदा त्या न गाता, गद्याप्रमाणे मोठ्याने वाचाव्यात. शब्दांची तोड मग आपोआप कळते. छापील किंवा पडद्यावरील ओळींचा हा उपयोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली अशी कल्पना सुचली की चित्रपटगीते दाखविताना खाली त्याच भाषेतील ओळी द्याव्यात. १९९९ पासून गुजराती चित्रगीतांच्या दूरदर्शन कार्यक्रमात आणि नंतर हिंदी कार्यक्रमांत तसे झाले. जो शब्द गायिला जातो तो त्याच क्षणी रंग बदलतो. हेतू नवभाषा शिकविण्याचा नव्हता. कच्चे वाचणाऱ्यांचे वाचन पक्के करण्याचा होता. पण तत्त्व तेच: डोळा व कान एका शब्दावर एका वेळी यावेत.

गाण्यांतील दुसरी अडचण शब्दांच्या जातीची. कवितेचे शब्द बाजारात चालत नाहीत. रवींद्रनाथांच्या गीतांत 'मम', 'तव', 'मोर' हे शब्द भेटतात; राष्ट्रगीतामुळे 'तव' तर सर्वांच्या तोंडी आहे. परंतु रोजच्या बंगालीत माझे म्हणजे 'आमार' आणि तुमचे म्हणजे 'तोमार'. भाजीवाल्यास 'तव वांगी' म्हणणाऱ्या मराठी पाहुण्याकडे लोक पुण्यात जसे पाहतील तसेच कोलकात्यातही पाहतील. यावर सोपा उपाय हा की गाण्यातून मिळालेला शब्द बोलपटातील साध्या संवादात एकदा तरी ऐकू येईपर्यंत तो बोलण्यात आणू नये. कागदावर त्याच्या कडेला 'गी' असे अक्षर घालून तो राखून ठेवावा.

ही पद्धत कोठवर नेते, याचीही कल्पना असावी. स्ट्यूअर्ट वेब व मायकेल रॉजर्स यांनी २००९ साली इंग्रजी बोलपटांचे संवाद मोजले. शब्द व त्याची साधित रूपे मिळून एक कुल धरले, तर शंभरांपैकी पंचाण्णव शब्द ओळखीचे होण्यास विशेषनामांखेरीज सुमारे तीन हजार कुले यावी लागतात. एका चित्रातून दहा शब्द या वेगाने तो पल्ला गाठणे शक्य नाही. बोलपट कान तयार करतो आणि नित्याचे शब्द प्रसंगासह मनात रुजवितो. व्याकरण, वाचन आणि माणसांशी बोलणे यांची जागा तो घेऊ शकत नाही. बाईंना तीन महिन्यांत पन्नास-साठ शब्द पक्के मिळाले तरी शेजारणीच्या दारात उभे राहण्यापुरती सोय झाली.

काम नीट चालले आहे की नाही हे ओळखण्याच्या दोन परीक्षा आहेत. चित्र पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी घरातील कोणास त्याची कथा सलग सांगून पाहावी. ती मध्येच अडखळली तर लेखन अधिक झाले, पाहणे कमी. पुढच्या वेळी कागद अर्धा करावा. दुसरी परीक्षा कानाची. आठवड्याने तेच प्रकरण लावून पडद्याकडे पाठ करून बसावे. कागदावरील शब्द गर्दीतून ओळखीच्या माणसाने हाक मारावी तसे ऐकू आले तर ते आपले झाले. जे ऐकू आले नाहीत ते पुन्हा पाठ करीत बसू नये. पुढच्या कोऱ्या कागदावर त्यांना जागा मोकळी आहे. खरोखर नित्याचे असतील तर पुढच्या बोलपटात ते पुन्हा भेटतीलच.